बोट ठेवायला ओळ

बाईंचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं तेवढंच. एरवी मुलं, पालक, परीक्षा मंडळातले कारकून, सगळे त्यांना बोटबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती एकाच माणसाची होती, आणि तो त्यांचा नवरा होता.

नाव पडलं ते एका सवयीवरून. भाषेच्या तासाला उतारा वाचून झाला, प्रश्न विचारला, कोणी उत्तर दिलं, की बाई म्हणायच्या, "बोट ठेव." उत्तर उताऱ्यातल्या ज्या ओळीत असेल त्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. ज्यांना ओळ सापडायची नाही ती मुलं छताकडे बघायला लागायची. बाई शांतपणे सांगायच्या की छतावर काही छापलेलं नाही, पुस्तक खाली आहे. आता बोट ठेवणं म्हणजे चूक दाखवणंही, आणि तेही काम बाई हौसेने करत, त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी चपखल बसलं.

बाई हट्टी होत्या, पण आंधळ्या हट्टी नव्हत्या. उत्तर शब्दाला शब्द छापलेलं असलंच पाहिजे असं त्यांचं म्हणणं नसे. उताऱ्यात 'पाहुण्याने ओली छत्री दाराशी ठेवली' असं असेल आणि बाहेर पाऊस पडला होता का, असा प्रश्न असेल, तर 'पडला होता' या उत्तराला त्या पूर्ण गुण देत. पाऊस हा शब्द नसला तरी ओली छत्री आहे, तिच्यावर बोट ठेवता येतं. पण 'भिजल्यामुळे पाहुणा वैतागला होता' असं कोणी लिहिलं की लाल रेघ. पाहुणा वैतागला हे उताऱ्याने सांगितलेलं नाही, ते तू तुझ्या घरी येणारे पाहुणे बघून ठरवलंस, असं त्या म्हणत. शंका आली तर त्यांची दुसरी एक कसोटी होती. आपलं उत्तर काढून त्या जागी वेगळंच एखादं कारण घालून बघायचं. उताऱ्यातला एकही शब्द त्याच्या आड आला नाही, तर समजायचं की आपलं उत्तरही असंच बाहेरून आलेलं आहे.

शाळेत हा कायदा इतका कडक, पण घरी मात्र दिव्याखाली अंधार. लग्न होऊन दूर गेलेल्या लेकीचा फोन आला आणि ती नुसतं "बरं" म्हणाली, की बाई त्या एका 'बरं'वरून अख्खी कादंबरी रचत. लेक रागावली आहे, सासूशी वाजलं आहे, आपल्यापासून लपवते आहे. नवरा निवृत्त औषधविक्रेता. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर वाचण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे शब्द म्हणजे काय आणि अंदाज म्हणजे काय हे त्याला पक्कं माहीत होतं. तो वर्तमानपत्राआडून विचारायचा, "बोट ठेव. कुठे म्हणाली ती असं?" बाई चिडायच्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं वर तो ऐकवायचा, आणि मग त्या दिवशी चहा त्यालाच करावा लागे.

निवृत्तीनंतर मंडळाने बाईंना सोडलं नाही. दरवर्षी मंडळ एक परीक्षा घेई. तिच्यात वर आलेल्या मुलांना निवासी शाळेत फुकट जागा मिळे. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं. जागा मोजक्या आणि मुलं हजारो, म्हणून एकेका गुणावर एकेकाचं नशीब टांगलेलं. भाषेचा पेपर कोणी काढला हे गुप्त असे. खरं तर तो बाईच काढत, आणि हे त्यांना आणि मंडळाच्या सचिवांना सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. मंडळ छोटं, विश्वासाची माणसं त्याहून कमी. त्यामुळे निकालानंतर तक्रारी ऐकणाऱ्या समितीतही त्याच बाई बसत. चोर तोच आणि फौजदारही तोच म्हणायचं, पण आजवर चोरीच झाली नव्हती.

त्या वर्षी समितीपुढे एक मुलगी आली. बारा-तेरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, पायात एक नंबर मोठ्या चपला. बरोबर तिची मावशी होती. मावशी एका लाँड्रीत इस्त्री करायची, आणि आई गेल्यापासून मुलगी तिच्याकडेच होती. एकच खोली, त्यात मावशीची तीन मुलं. इस्त्रीच्या टेबलाखाली हिची अभ्यासाची जागा. मुलीची निवासी शाळेतली जागा एका गुणाने हुकली होती. मावशीने सगळं एका दमात सांगून टाकलं आणि मग म्हणाली की यंदा जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढच्या वर्षी हिला लाँड्रीत उभं करावं लागेल, दुसरा इलाज नाही. ती रडली वगैरे नाही. दर सांगावा तसं तिने ते सांगितलं, आणि बाईंना ते जास्त लागलं.

खोलीत एक लांब टेबल, पाण्याचा जग, सुरू केलं की कुरकुरणारा पंखा. टेबलाच्या मधोमध सचिव, त्यांच्या एका हाताला बाई, दुसऱ्या हाताला एक निवृत्त मुख्याध्यापक. या सरांना परीक्षक मंडळी भावार्थ सर म्हणत, कारण मुलाने काहीही लिहिलं तरी 'भावार्थ पोचला' म्हणून ते गुण देत. बाईंचं आणि त्यांचं वर्षानुवर्षं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

तक्रार एकाच प्रश्नाबद्दल होती. उतारा एका पोस्टमनवरचा. सचिवांनी छापील प्रश्नपत्रिका काढून मोठ्याने वाचला:

'पोस्टमन आमच्या गल्लीत सायकलची घंटी वाजवत यायचा. घंटी ऐकली की बायका दारात येत, मुले मागे धावत. कोपऱ्यावरच्या घरापाशी मात्र तो सायकलवरून उतरे आणि घंटी न वाजवता सायकल हाताने ढकलत पुढे नेई. त्या घरात एक म्हातारे मास्तर एकटेच राहत. त्यांच्या नावे म्हणे कित्येक वर्षांत एकही पत्र आले नव्हते. घर मागे पडले की पोस्टमन पुन्हा सायकलवर बसे आणि पुन्हा घंटी वाजू लागे.'

प्रश्न असा: कोपऱ्यावरच्या घरापाशी पोस्टमन घंटी का वाजवत नसे? गुण दोन. नमुना उत्तर: पत्र आले असेल अशी मास्तरांना उगीच आशा वाटू नये म्हणून.

मुलीने लिहिलं होतं, 'तो घंटी का वाजवत नसे हे उताऱ्यात सांगितलेले नाही. तो उतरत असे व सायकल ढकलत नेई, एवढेच सांगितले आहे.' परीक्षकाने त्यावर भोपळा दिला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'विचार करून लिहा.'

भावार्थ सर हळहळले. म्हणाले, उतारा किती हृदयाला भिडणारा आहे, आणि या पोरीला एवढंसंही कळू नये. उत्तरसूची छापण्याआधी त्यांच्याच नजरेखालून गेली होती, आणि नमुना उत्तर वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गुण द्यायचं म्हटलं तर भावार्थ सरांनासुद्धा इथे भावार्थ सापडत नव्हता.

बाईंना मुलीचं वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्यावर गुण देता येत नाहीत हेच तर त्या जन्मभर सांगत आल्या होत्या. त्यांनी प्रश्नपत्रिका स्वतःकडे ओढली. मावशीकडे बघून समजावणीच्या सुरात म्हणाल्या की गुण देणं-न देणं कोणाच्या मर्जीवर नसतं, उत्तर उताऱ्यातच असतं, आणि आत्ता त्या ओळीवर बोट ठेवूनच दाखवते. मग मुलीला म्हणाल्या, "इकडे ये. हे बघ. 'घंटी ऐकली की मास्तर दारात येऊन उभे राहतात, तो एकदा म्हणाला. रिकाम्या हाताने त्यांच्यासमोरून जाववत नाही.' दिसलं?"

बोट छापील ओळींवरून खाली आलं. 'पत्र आले नव्हते'पाशी आलं, 'घर मागे पडले'पाशी गेलं, परत वर आलं. बाईंनी चष्मा पुसला. कागद उलटून मागची बाजू पाहिली. तिथे व्याकरणाचे प्रश्न होते. पुन्हा पुढची बाजू घेतली. बोट त्याच दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर थांबलं.

मुलगी शेजारी वाकून बघत होती. ती हलक्या आवाजात, जणू मदत करावी म्हणून, म्हणाली, "मीपण तिथेच शोधली होती, बाई."

एका क्षणात बाईंना सगळं आठवलं. उतारा त्यांनी एका जुन्या मासिकातल्या लेखातून घेतला होता. छपाईच्या आधी सचिवांकडून निरोप आला की पानावर दोन ओळी जास्त होताहेत, तेवढ्या कमी करून द्या. बाईंनी घाईघाईत पोस्टमनच्या तोंडची दोन वाक्यं उडवली, कारण तेवढी गेली तरी बाकीच्या गोष्टीचा सांधा कुठे निखळत नव्हता. मग उतारा पुन्हा वाचला, नियमाप्रमाणे नमुना उत्तर पडताळून पाहिलं, आणि त्यांना ते बरोबर वाटलं. वाटणारच. वाक्यं कागदावरून गेली होती, डोक्यातून गेली नव्हती. मूळ लेख त्यांनी इतक्या वेळा वाचला होता की कागदावर नसलेली ओळसुद्धा त्यांना वाचता येत होती. उतारे काढणाऱ्या माणसाकडून हमखास होणारी ही चूक होती, आणि अशा चुकीसाठी त्यांनी दुसऱ्या किती जणांना फैलावर घेतलं होतं, याची गणती नव्हती.

भावार्थ सरांना काहीच कळलं नव्हतं. ते म्हणाले की ते वाक्य काही इथे दिसत नाही, पण त्यावाचून अडतंय कुठे? पत्र येत नव्हतं असं लिहिलेलं आहेच की. त्यावरून कोणीही ओळखेल.

सचिवांना मात्र कळलं होतं. पेपर कोणाचा हे ठाऊक असलेले ते एकटेच. त्यांनी मुलीला आणि मावशीला जरा बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि मऊ आवाजात तोडगा काढला. मुलगी गरीब आहे, हुशार आहे, विशेष बाब म्हणून तिला दोन गुण देऊन टाकू. प्रश्न मिटला. उत्तरसूची चुकली असं म्हटलं की सगळे गठ्ठे पुन्हा उघडावे लागतील, सूची कोणी केली याचीही चौकशी होईल. बोलताना त्यांनी बाईंकडे बघितलं नाही, आणि बाईंना त्यांच्या या भलेपणाचीच जास्त लाज वाटली.

मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मुलीचं काम होत होतं. सरांनी तर आधाराला वाक्यही शोधून दिलं होतं. बाईंनी कागद पुन्हा पुढे घेतला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या उत्तराला दुसरी कसोटी लावली. पोस्टमन उतरतो, कारण मास्तर त्याचे गुरुजी होते आणि त्यांच्या दारावरून सायकलवर बसून जायला त्याला संकोच वाटतो. उताऱ्यातला एक शब्द आड येत नाही. मास्तर आजारी असतात, आवाजाने त्यांची झोपमोड होते. तेही बसतं. मास्तरांशी त्याचं भांडण आहे, नजर चुकवून जातो. तेसुद्धा बसतं. आणि पत्र न येण्याची ओळ? तिच्यातही 'म्हणे' आहे. म्हणजे पत्र येत नव्हतं हे गल्लीतले लोक म्हणतात; लेखकाने स्वतः बघितलेलं नाही, आणि पोस्टमननेही सांगितलेलं नाही. ऐकीव गोष्टीवर आपण आपल्या मनातलं कारण बसवलं आणि पोरांनाही तेच बसवायला लावलं.

हे सगळं बाईंनी मोठ्याने, एकेक करून सांगितलं. भावार्थ सर भांडणापर्यंत ऐकत राहिले आणि मग नाराजीने म्हणाले की पोस्टमन असा भांडकुदळ असणं शक्य नाही, किती चांगला माणूस आहे तो.

"चांगला आहे हे कुठे लिहिलंय, सर?" बाई म्हणाल्या. "तुम्ही चांगले आहात म्हणून तो तुम्हाला चांगला दिसतो. आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं ते माझ्यामुळे. उतारा मी काढला, ओळ मी कापली, उत्तरही मीच लिहिलं. चूक माझी आहे. आणि तिला दोन गुण दयेचे नकोत. तिचं उत्तर बरोबर आहे."

सरांना बाईंवर बोट ठेवायची संधी आयुष्यात एकदाच मिळाली होती, पण ती साधायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी जगमधलं पाणी पेल्यात ओतून तो बाईंपुढे सरकवला, आणि बाईंना त्या क्षणी ते फार बरे वाटले.

मग व्हायचं ते झालं. प्रश्न रद्द ठरला, म्हणजे नियमाप्रमाणे सगळ्यांनाच त्याचे दोन गुण. ज्यांनी अंदाजाने नमुना उत्तर लिहिलं होतं त्यांचं काही गेलं नाही, ज्यांना भोपळा मिळाला होता त्यांचं भरून निघालं. गठ्ठे उघडले, परीक्षकांनी मनातल्या मनात बाईंचा उद्धार केला. यादीत आलेल्या कोणाला आता काढायचं नाही आणि नव्याने वर येणाऱ्यांसाठी जागा वाढवून घ्यायच्या, असं ठरलं, पण त्यासाठी वरून मंजुरी यायला हवी होती. ती येईल की नाही हे सचिवही सांगू शकत नव्हते. बाईंनी पेपर काढण्याच्या कामाचा राजीनामा दिला. सचिवांनी तो घेतला, आणि नको म्हटलं नाही याचं बाईंना थोडं वाईटही वाटलं.

मंजुरीची वाट बघण्याच्या त्या दिवसांत लेकीचा फोन आला, ती आपली नेहमीसारखी "बरं" म्हणाली. बाईंनी कादंबरी रचायला घेतली होती, पण मधेच थांबल्या आणि सरळ विचारलं की रागावली आहेस का. लेक हसून म्हणाली की नाही गं, तोंडात घास आहे. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. एवढा चालून आलेला मोका होता, पण तो नुसता उठून चहा ठेवायला गेला.

सुधारित यादी मंडळाच्या बाहेरच्या फलकावर लागली त्या दिवशी बाईही गेल्या. त्यांना आता तिथे काही काम नव्हतं. गर्दीत मावशी दिसली, इस्त्रीच्या चटक्यांनी डागाळलेला हात यादीवरून खाली खाली येत होता. तळाशी नव्याने वाढवलेली चार नावं होती. मावशीचं बोट दुसऱ्या नावापाशी थांबलं आणि तिथून हलेचना. तिने मुलीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवून उभी राहिली.

मुलीने बाईंना पाहिलं तशी ती गर्दीतून वाट काढत आली. नमस्कार केला. काहीतरी विचारायचं होतं, पण जीभ रेटत नव्हती. बाईंनीच तिला विचार म्हटलं.

"तो खरंच का वाजवत नव्हता घंटी?"

बाईंनी कापलेली दोन्ही वाक्यं तिला म्हणून दाखवली. घंटी ऐकली की मास्तर दारात येऊन उभे राहतात; रिकाम्या हाताने त्यांच्यासमोरून जाववत नाही. मुलीने ती ऐकली आणि चपलेच्या अंगठ्याने जमिनीवर रेघ ओढली.

"मला हेच वाटलं होतं," ती म्हणाली. "पहिल्यांदा वाचलं तेव्हाच. लिहायलाही घेतलं होतं."

"मग?"

"मग ओळ सापडेना. म्हटलं, हे माझं वाटणं झालं." तिने वर पाहिलं. "बाई, मी लिहायला हवं होतं का?"

पूर्ण गुणांचं उत्तर. एक जागा. हजारो मुलांनी ओळ न शोधता ते लिहिलं होतं, आणि मन लावून वाचणारी ही पोर, पहिल्या वाचनातच ते ओळखूनही, ओळ नाही म्हणून खाली ठेवून आली होती. उत्तर द्यायला बाईंना वेळ लागला नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुझी ओळ मी काढून घेतली होती. नसलेल्या ओळीवर तू बोट कसं ठेवणार?"

मुलीने मान हलवली. हे तिला पटण्यासारखं होतं. मग मावशीने हाक मारली, आणि ती मोठ्या चपला सावरत कागदपत्रं भरायच्या रांगेकडे पळाली.